रोखलेले नव्हे, राखून ठेवलेले

मे महिन्यातली सकाळ. सांगलीतल्या आमच्या ओळखीच्या घरी गेलो तर माजघरातल्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती आणि त्यांवर काचेच्या एकशेवीस बरण्या उलट्या उभ्या होत्या. झाकण खाली, बूड वर. प्रत्येकीत बोटभर तेल. डावीकडच्या साठ बरण्यांखालचा कागद कोरडा होता. उजवीकडच्या कागदावर मात्र जागोजागी तेलाचे डाग पसरले होते, काही रुपयाएवढे तर काही बशीएवढे, आणि त्यांतून खालची फरशी दिसत होती. धाकट्या जाऊबाई पेन घेऊन बसल्या होत्या. बरणी उचलायची, डागाभोवती गोल काढायचा आणि आत आकडा लिहायचा. शेवटचा आकडा १९ होता.

या दोघी जावा कैरीच्या लोणच्याचा घरगुती व्यवसाय करतात. ६ मे रोजी त्यांच्याकडे २,४०० बरण्या झाकणांसह आल्या होत्या. परचेस ऑर्डरमध्ये बरणी आणि झाकण मिळून एकच दर होता, नगाला १५ रुपये. माल ३६,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८० रुपये, म्हणजे एकूण बिल ४२,४८० रुपयांचं. माल पोचल्यापासून सात दिवसांत पैसे द्यायचे ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी भरलेल्या बरण्यांच्या काठावर तेल दिसू लागलं आणि थोरल्या जाऊबाईंनी रागाच्या भरात पुरवठादाराला द्यायचं पत्र लिहून ठेवलं. ते पाठवण्याआधी त्यांनी मला बोलावलं हे बरं झालं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात माझी नोकरी झाली आणि अशी पत्रं मी अनेक वर्षं लिहिली.

त्यांचं पत्र असं होतं : ‘तुम्ही अत्यंत निकृष्ट दर्जाचा माल पाठवून आमची फसवणूक केली आहे. आमचे हजारो रुपयांचे नुकसान झाले आहे. जोपर्यंत सर्व माल बदलून मिळत नाही तोपर्यंत तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही, याची नोंद घ्यावी.’

राग खरा होता. पण हे पत्र हातात पडल्यावर पुरवठादाराच्या मनात काय येईल, ते मला ठाऊक होतं. धंद्यात रोज अनुभवाला येणारी गोष्ट आहे. गिऱ्हाइकाच्या गल्ल्यात पैसे नसले की त्याला मालात खोट सापडते. बिलाची तारीख जवळ आली की तक्रार येते, आणि तक्रार जितकी मोघम आणि जितकी मोठ्या आवाजातली, तितकं तिच्यामागे रिकामं खातं असण्याची शक्यता जास्त. पुरवठादारानं असे दहा जण पाहिलेले असतात. म्हणून खोट असलेल्या मालाचे पैसे थांबवताना पत्रानं सगळ्यात आधी ही शंका फेडली पाहिजे. पैसे आहेत, ते द्यायचे आहेत आणि मध्ये फक्त झाकण आलं आहे, हे त्याला दिसलं पाहिजे. गोड शब्दांनी ते दिसत नाही. ते आकड्यांनी दिसतं, आणि निम्मे पैसे त्याच दिवशी देऊन टाकल्यानं दिसतं.

म्हणून आधी पत्र बाजूला ठेवलं आणि झाकणं पाहिली.

अशा काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण पाव फेरा फिरवून बसतं. त्याच्या कडेला आत वळवलेले छोटे आकडे असतात, ते बरणीच्या गळ्यावरच्या आट्यांत अडकतात. पण गळती थांबवण्याचं काम आकडे करत नाहीत. ते काम झाकणाच्या आत, कडेनं गोल फिरलेला रबरासारखा मऊ थर करतो. त्याला लायनर म्हणतात. झाकण घट्ट बसलं की बरणीचा काठ त्या थरात रुततो. चांगलं झाकण दिवसभरानं काढून उजेडात धरलं तर त्या थरावर काठाची एक सलग, गोल खूण उमटलेली दिसते. उजवीकडच्या बरण्यांची झाकणं काढली तेव्हा ही खूण एका जागी तुटलेली होती. तिथे नख दाबलं तर खाली पत्रा लागत होता. थर तिथे जवळजवळ नव्हताच.

झाकणं चार पिशव्यांत आली होती, प्रत्येकीत ६००. दोन पिशव्यांच्या चिठ्ठीवर फेब्रुवारीची बॅच होती, दोघींवर एप्रिलची. डावीकडची साठ फेब्रुवारीची, उजवीकडची साठ एप्रिलची. पण एवढ्यानं ‘झाकण खराब आहे’ असं म्हणता येत नाही. दोष बरणीच्या गळ्यातही असू शकतो, किंवा आपल्या हातातही. काठावर तेलाचा थेंब राहिला, झाकण तिरकं बसलं, पुरतं फिरवलं नाही, तरी बरणी गळते. म्हणून त्या रात्री अदलाबदल केली. ज्या १९ बरण्या गळल्या होत्या त्यांचे काठ पुसून त्यांना फेब्रुवारीची झाकणं लावली आणि पुन्हा उलट्या ठेवल्या. त्यांची एप्रिलची झाकणं न गळलेल्या बरण्यांना लावली. सकाळी कागद पाहिला तर गळती झाकणांबरोबर गेली होती. बरण्या निर्दोष ठरल्या, भरणाऱ्या हातांवरचा संशयही गेला. ‘तुमच्या बायका झाकण नीट लावत नसतील’ हे वाक्य पुरवठादाराच्या तोंडी येण्याआधीच त्याचं उत्तर तयार झालं होतं.

आता किती पैसे थांबवायचे हा प्रश्न उरला. धाकटीचं म्हणणं होतं, सगळेच. मी म्हणालो, फेब्रुवारीची १,२०० झाकणं ठीक आहेत, तेवढ्या बरण्या तुम्ही भरणार आणि विकणार, मग त्यांचे पैसे कुठल्या कारणानं थांबवायचे? थोरली दुसऱ्या टोकाला गेल्या. ‘मग नुसत्या झाकणांचेच थांबवू या, बरण्या तर चांगल्या आहेत.’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण ऑर्डर झाकणासह बरणीची होती, दर एकच होता आणि झाकणाशिवाय बरणी त्यांना विकता येत नाही. म्हणून १,२०० पूर्ण नगांचे, जीएसटी धरून २१,२४० रुपये थांबवायचे आणि उरलेले २१,२४० आजच भरायचे, असं ठरलं. ऑर्डरमध्ये झाकणाचा दर वेगळा असता तर मी नुसत्या झाकणांचे पैसे थांबवायला सांगितलं असतं.

त्यांनी १० मे रोजी दुपारी आधी पैसे पाठवले आणि मग हे पत्र ईमेल केलं :

‘विषय : ६ मे रोजी मिळालेल्या मालातील १,२०० झाकणे बदलून मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

तुमच्याकडून ६ मे रोजी २,४०० बरण्या झाकणांसह मिळाल्या. बिल ४२,४८० रुपयांचे आहे. बरण्या व्यवस्थित पोचल्या, फूटतूट नाही.

भरताना काही बरण्यांतून तेल झिरपताना दिसले, म्हणून दोन्ही बॅचमधली प्रत्येकी ६० झाकणे आम्ही तपासली. बरणीत तेल घालून, झाकण लावून बरणी रात्रभर उलटी ठेवली. फेब्रुवारीच्या बॅचचे एकही झाकण गळले नाही. एप्रिलच्या बॅचची १९ गळली. त्याच बरण्यांना फेब्रुवारीची झाकणे लावल्यावर गळती थांबली. एप्रिलच्या झाकणांत आतला थर एका जागी फार पातळ दिसतो. फोटो जोडले आहेत.

एप्रिलच्या बॅचची सर्व १,२०० झाकणे आम्ही वेगळी ठेवली आहेत. पहिल्या दिवशी लावलेली ३२ आणि तपासलेली ६० त्यांतच आहेत. ही झाकणे आम्ही स्वीकारलेली नाहीत आणि ती यापुढे वापरणार नाही.

वापरता येणाऱ्या १,२०० बरण्यांचे २१,२४० रुपये आज तुमच्या खात्यावर भरले आहेत, व्यवहार क्रमांक खाली दिला आहे. बाकीचे २१,२४० रुपये राखून ठेवले आहेत. बदली झाकणे आल्यावर त्यांतली ६० अशाच रीतीने तपासू आणि ती ठीक निघाली की तीन कामाच्या दिवसांत ही रक्कम भरू.

झाकणे २४ मेपर्यंत आली तर कैरीच्या हंगामात आमचे काम अडणार नाही. तोवर ती मिळतील का, ते १४ मेपर्यंत कळवावे. तुम्हाला स्वतः झाकणे पाहायची असतील तर केव्हाही या. जुनी झाकणे परत कशी पाठवायची तेही सांगावे.

कळावे.’

यातले काही शब्द निवडायला आम्हाला पत्राच्या बाकी मजकुराहून जास्त वेळ लागला. पहिला शब्द ‘राखून ठेवले’. आपल्याकडे पैसे न देण्यासाठी शब्दांची वाण नाही. अडवले, रोखले, दाबले, थकवले, लटकवले. या प्रत्येकात देणारा वर आणि घेणारा खाली आहे. रोखणे आणि राखणे यांत लिहिताना एका मात्रेचा फरक आहे, पण रोखलेले पैसे त्याच्यापासून अडवलेले असतात आणि राखलेले पैसे त्याच्यासाठी बाजूला ठेवलेले असतात. ‘ही रक्कम तुमचीच आहे’ असं एक वाक्य थोरल्या जाऊबाईंना घालायचं होतं. मी ते काढायला लावलं. भावना चांगली होती, पण उद्या झाकणं आलीच नाहीत तर तेच वाक्य कर्जाची कबुली म्हणून पुढे केलं जाईल. रक्कम, ती मिळण्याची अट आणि तारीख एकाच दमात यावीत, सुटी पडू नयेत.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘तुम्ही निकृष्ट माल पाठवला’ या वाक्यात दोन आरोप आहेत. एक, माल निकृष्ट आहे. दोन, तुम्हाला ते माहीत होतं. आपल्याला यातलं दुसरं मुळीच माहीत नसतं. त्याच्याकडेही ही झाकणं बाहेरून आलेली असू शकतात. ‘निकृष्ट’, ‘बोगस’, ‘हलका’ हे निकाल आहेत, आणि त्यांवर वाद घालता येतो. ‘६० पैकी १९ गळली’ ही पाहिलेली गोष्ट आहे, त्यावर वाद घालायचा तर झाकण हातात घ्यावं लागतं. तसंच ‘तुमची झाकणे’ म्हणण्याऐवजी ‘एप्रिलच्या बॅचची झाकणे’ म्हटलं की दोष त्याच्या दुकानावरून उचलून एका पिशवीवर ठेवला जातो. त्याच्या इतर मालाला आणि त्याच्या नावाला धक्का लागत नाही. बरण्या नीट पोचल्या हे सुरुवातीला लिहिलं तेही खुशामत म्हणून नव्हे. चांगलं ते चांगलं म्हणणाऱ्याची तक्रार माणूस खरी मानतो.

‘याची नोंद घ्यावी’ आणि ‘अन्यथा’ हे शब्द पहिल्या पत्रात नकोत. ते सरकारी नोटिशीतून आपल्या बोटांत शिरले आहेत. त्यांच्यानंतर येणारी धमकी खरी करायची तयारी नसेल तर ती लिहून काही मिळत नाही, आणि तयारी असेल तर तिच्यासाठी दुसरं पत्र आहेच.

मात्र सौम्यपणाच्या नादात एक वाक्य कधीच पुसट होऊ देऊ नये : ‘ही झाकणे आम्ही स्वीकारलेली नाहीत.’ आमच्या कारखान्यात एकदा रबरी सीलची एक खेप आली होती. मापात थोडा फरक होता. पुरवठादार जुना, संबंध घरच्यासारखे, म्हणून मी पत्र न लिहिता फोनवर म्हणालो, ‘या वेळी सीलमध्ये जरा प्रॉब्लेम वाटतोय, बघा जरा.’ तेही ‘बघतो’ म्हणाले. तीन आठवडे गेले. तेवढ्यात खालच्या शॉपमध्ये दुसरा माल संपला म्हणून कोणीतरी त्याच खेपेतली सील काढून वापरली. मी पैसे थांबवले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तक्रार कुठे आहे? आणि माल खराब होता तर वापरला कसा?’ दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्ण बिल भरावं लागलं. त्यानंतर मी बोलणं मऊ ठेवलं, पण लिहिणं कधी टाळलं नाही.

त्यांचे दोन्ही प्रश्न कायद्याला धरून होते. १९३० च्या माल विक्री कायद्यानं गिऱ्हाइकाला माल तपासायला वाजवी संधी दिली आहे. तपासण्यासाठी लावून पाहिलेली झाकणं म्हणजे स्वीकारलेली झाकणं नव्हेत. पण आपण मालाचे मालक असल्यासारखा तो वापरला, किंवा नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला, तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारला असं धरलं जातं. मग किंमत कमी करून मागता येते, नुकसानभरपाई मागता येते, पण सहसा माल परत करता येत नाही. आणि नाकारलेला माल आपल्या खर्चानं परत पोचवायचं बंधन गिऱ्हाइकावर नाही, नाकारतो असं कळवलं की पुरे, असं कलम ४३ सांगतं. म्हणूनच पत्रात ‘परत पाठवतो’ असं न लिहिता ‘कशी पाठवायची ते सांगावे’ असं लिहिलं. भाडं कोणाचं हा प्रश्न त्यामुळे त्याच्याकडे गेला, तोही भांडण न होता.

दुसरा कायदा लहान पुरवठादारांसाठी आहे आणि तो गिऱ्हाइकानं नीट समजून घ्यावा असा आहे. पुरवठादार स्वतः उत्पादक असेल आणि सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून त्याची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्याला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात. मुदत लेखी ठरवली तरी ती ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. ही मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत गिऱ्हाइकानं लेखी हरकत घेतली तर ती हरकत पुरवठादारानं दूर केली तो दिवस स्वीकाराचा दिवस धरतात. लेखी हरकत घेतलीच नाही तर माल पोचला तोच दिवस.

आपल्या गोष्टीत माल ६ मे रोजी आला, म्हणजे लेखी हरकतीची शेवटची तारीख २१ मे. फोनवरची हरकत कितीही ठासून सांगितली तरी इथे उपयोगाची नाही. ईमेल २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे लेखीच मानला जातो. जो माणूस पंधरा दिवस फोनवर प्रेमानं बोलत राहतो आणि सोळाव्या दिवशी चिडून पत्र लिहितो, त्याला प्रेमाचाही फायदा होत नाही आणि पत्राचाही.

पुरवठादाराचा फोन ११ तारखेला आला. थोरल्या जाऊबाईंनी तो स्पीकरवर ठेवला.

‘ताई, पत्र वाचलं. पैसेही जमा झाले, आभारी आहे. पण साठात एकोणीस गळली म्हणजे बाराशेत धरा पावणेचारशे, चारशे. चारशे बदलून देतो, बाकीची तुम्ही वापरा.’

प्रश्न बिनतोड वाटतो आणि बहुतेक गिऱ्हाइकं इथेच गडबडतात. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘भाऊ, कुठली चारशे ते तुम्हाला कळेल का? मला नाही कळत. एकेक झाकण रात्रभर तेलात उलटं ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि तेल लागलेलं झाकण मी पुन्हा वापरत नाही.’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘ताई, ही झाकणं मी करत नाही, बाहेरून घेतो. त्याला दाखवायला मला ही सगळी परत लागतील. त्या थराचे फोटो तुम्ही काढलेत तेही मोठे करून पाठवा.’

त्यांचे पैसेही पुढे कोणाकडे तरी अडकलेले होते, आणि त्या माणसाला दाखवायला त्यांना नेमके आकडे हवे होते. आमचं पत्र त्यांनी जसंच्या तसं पुढे पाठवलं, हे नंतर कळलं. शिव्यांनी भरलेलं पत्र असं कोणी पुढे पाठवत नाही. ‘आधी राहिलेले पैसे सोडा, मग माल पाठवतो’ असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. निम्मे पैसे मिळालेले असताना ते म्हणणं अवघड असतं. कोणी तसं म्हणालाच तर पत्रातलं वाक्यच पुन्हा सांगायचं, तपासणीनंतर तीन कामाच्या दिवसांत, आणि त्यात नवा शब्द घालायचा नाही. दर वेळी अट थोडी बदलणारा माणूस पुन्हा रिकाम्या खात्याचा वाटू लागतो.

बदली झाकणं २२ मे रोजी आली. त्या रात्री पुन्हा वर्तमानपत्रं, पुन्हा साठ बरण्या. सकाळी एका बरणीखाली डाग होता. एकच. आणि इथे पत्रातली एक उणीव उघडी पडली, ती माझी होती. ‘ठीक निघाली की’ असं मी लिहायला सांगितलं होतं, पण साठात किती गळली तर खेप ठीक म्हणायची, हे लिहिलंच नव्हतं. अडवणूक करायची असती तर त्या एका डागावर करता आली असती. त्या झाकणाचा एक आकडा वाकलेला होता, आतला थर पूर्ण होता. वाहतुकीत चेपलं असावं. दोघींनी आणखी साठ झाकणं काढून रात्रभर तपासली. कागद कोरडा राहिला आणि २४ तारखेला २१,२४० रुपये गेले. पुढच्या पत्रांत आता ‘६० पैकी एकाहून जास्त गळले नाही तर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

हिशेबाची बाजू इथे सोपी राहिली. झाकणाला झाकण बदलून मिळालं, त्यामुळे मूळ बिल तसंच राहिलं, आणि जाणारी-येणारी झाकणं डिलिव्हरी चलनावर गेली-आली. पुरवठादारानं बदलून द्यायला नकार देऊन किंमत कमी केली असती तर त्याच्याकडून जीएसटीची क्रेडिट नोट घ्यावी लागली असती. आणि वाद लांबला तर एक तारीख विसरू नये. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर त्या रकमेपुरतं घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं, पण व्याज गेलं ते गेलं. म्हणजे राखून ठेवलेले पैसेही अनंत काळ राखता येत नाहीत.

पुरवठादार गप्पच बसला असता तर? १४ मे उलटल्यावर दुसरं पत्र गेलं असतं, पहिल्याची तारीख सांगून. त्यात एवढंच नवं असतं की, अमुक दिवसापर्यंत झाकणं आली नाहीत तर ती दुसरीकडून घेऊ आणि त्याचा खर्च राखलेल्या रकमेतून वजा करू. तिथे ‘राखून ठेवणे’ संपतं आणि ‘वजा करणे’ सुरू होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पत्रात दोन्ही घातल्या की वाचणाऱ्याला फक्त दुसरी दिसते. दुसऱ्या पत्राआधी जाणकार वकिलाला दाखवून घ्यावं, पहिल्याला मात्र त्याची गरज नाही.

जुनी झाकणं न्यायला पुरवठादारानं त्याच टेम्पोवाल्याला पाठवलं. धाकट्या जाऊबाईंनी दोन पिशव्या बांधल्या आणि तपासलेली, डाग पडलेली १९ झाकणं वेगळ्या छोट्या पिशवीत, प्रत्येकावर नंबर घालून दिली. चलनावर टेम्पोवाल्याची सही घेतली. जूनच्या ऑर्डरच्या कागदावर बरणीचा दर एका ओळीत आहे, झाकणाचा दुसऱ्या ओळीत, आणि खाली रात्रभर उलटी ठेवायची चाचणी लिहिलेली आहे.